फोन कुणी केला, हे कुणाला कळतं?

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टरांसाठी समुपदेशन केंद्र सुरू झालं. फीत कापली गेली, फोटो निघाले. केंद्राला खोली मिळाली ती अधिष्ठात्यांच्या कार्यालयाच्या शेजारची. दाराशी एक नोंदवही होती आणि तिच्यात रकाने होते नाव, विभाग, वर्ष, येण्याचं कारण आणि सही असे. पहिल्या महिन्यात चार जण आले. महिनाअखेरीला ती यादी ‘माहितीसाठी’ म्हणून विभागप्रमुखांकडे गेली. त्या चौघांतल्या एकीला दुसऱ्याच दिवशी राउंडमध्ये सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, “मॅडमना सध्या स्ट्रेस आहे, त्यांना जड केस देऊ नका बरं.” त्यानंतर त्या खोलीत पाचवं माणूस फिरकलं नाही. वर्षाच्या अहवालात मात्र प्रतिसाद अल्प असल्याने निवासी डॉक्टरांना अशा सेवेची फारशी गरज दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला.

ही गोष्ट मी अनेकदा सांगतो, कारण तिच्यात दोन चुका एकात एक अडकलेल्या आहेत. गुप्तता पाळली गेली नाही ही पहिली आणि उघड दिसणारी चूक. दुसरी चूक मोजमापाची. किती जण आले हे मोजण्यासाठी नोंदवही ठेवली आणि त्या नोंदवहीनेच लोकांचं येणं बंद केलं. निवासी डॉक्टरांच्या बर्नआउटसाठी कोणतीही योजना आखताना खरा पेच हाच असतो. उपयोग झाला की नाही हे कळायला हवं, पण कुणाला झाला हे कळता कामा नये.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली कुणीही, कशालाही वापरतं, म्हणून त्याचा अर्थ थोडक्यात पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा आहेत. अंगातलं सगळं त्राण संपल्यासारखं वाटतं, कामाबद्दल मन तुटक आणि कडवट होतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. वॉर्डात याचं रूप ओळखीचं आहे. जूनमध्ये ‘आजींचं जेवण झालं का’ असं विचारणारा मुलगा डिसेंबरमध्ये त्याच आजींना ‘बेड नंबर अकरा’ म्हणू लागतो. नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे, तो आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात. अमेरिकेत इंटर्न डॉक्टरांचा पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात काम सुरू होण्यापूर्वी नैराश्याच्या निकषात बसणारे चार टक्क्यांहून कमी होते. वर्षभरात वेळोवेळी तपासलं तेव्हा हे प्रमाण सरासरी पंचवीस टक्क्यांवर गेलं. माणसं तीच होती, बदललं होतं ते काम.

मग मानसोपचारतज्ज्ञाकडे का जात नाहीत, हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. स्वतःच्याच रुग्णालयात जायचं म्हटलं तर आधी केसपेपर काढावा लागतो. त्यावर नाव येतं. केसपेपरच्या खिडकीत ओळखीचा माणूस असतो, ओपीडीत बसलेला जेआर हॉस्टेलमधला शेजारी असतो आणि औषधाच्या चिठ्ठीवरून फार्मसीत सगळं समजतं. म्हणून पहिली पायरी म्हणून सहकाऱ्यांचा आधार, ज्याला पीअर सपोर्ट म्हणतात, तो पुढे आला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०११ साली ‘राइज’ नावाने असा उपक्रम सुरू झाला. त्यामागे डॉ. अल्बर्ट वू होते. रुग्णाच्या बाबतीत काही विपरीत घडलं की डॉक्टरही आतून मोडतो, हे त्यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरून मांडलं होतं. तिथेही सुरुवातीच्या काळात महिन्याला जेमतेम एखादा फोन यायचा. त्यांनी सेवा बंद केली नाही आणि पुढे फोन वाढत गेले. आपल्याकडे असं काही उभारायचं झालं तर ते कसं असावं, हे एक उदाहरण घेऊन पाहू.

सोबती कोण?

समजा, एका रुग्णालयात वीस विभागांत मिळून तीनशे निवासी डॉक्टर आहेत. त्यांतले शंभर पहिल्या वर्षाचे, म्हणजे जेआर १. आपल्याला चोवीस सोबती हवेत. ते निवडायचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांमधून आणि सीनियर रेसिडेंटमधून. निवड प्रशासनाने करायची नाही. ‘मन मोकळं करावंसं वाटलं तर तुम्ही कुणाकडे जाल?’ असा एक प्रश्न चिठ्ठीवर सगळ्यांना विचारायचा आणि जी नावं पुन्हा पुन्हा येतील त्यांना विनंती करायची. या पद्धतीने बोलघेवडे पुढारी आपोआप मागे राहतात आणि कोपऱ्यातली शांत माणसं समोर येतात.

दोन अटींमध्ये मात्र तडजोड नाही. सोबती आणि बोलणारा एकाच विभागातले नसावेत. आणि ज्याच्या हातात हजेरी, रजा, प्रबंध किंवा परीक्षेचे गुण आहेत तो सोबती होऊ शकत नाही, मग तो कितीही प्रेमळ असो. प्राध्यापक प्रशिक्षण देऊ शकतात, आडून मदत करू शकतात, पण फोन त्यांच्याकडे जाणार नाही. आपल्याकडे जेआर १ ने जेआर २ ला ‘सर’ म्हणायची रीत आहे. ती एका दिवसात जाणार नाही, पण त्वचारोग विभागातला ‘सर’ मेडिसिनच्या मुलीची इमर्जन्सी लावू शकत नाही, एवढं अंतर पुरेसं असतं.

प्रशिक्षणाला दोन पूर्ण दिवस लागतात. त्यातला मोठा भाग गप्प बसायला शिकण्याचा असतो, कारण डॉक्टरांना दोन मिनिटांत निदान करून सल्ला देण्याची सवय असते. ‘अरे, आमच्या वेळी तर सलग तीन दिवस…’ हे वाक्य कसं गिळायचं याचा सराव करून घ्यावा लागतो. दुसरा भाग थेट प्रश्न विचारण्याचा. ‘जीव संपवावा असे विचार येतात का?’ हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच अनेकांना आधार वाटतो. तिसरा भाग आपली हद्द ओळखण्याचा. सोबती उपचार करत नाही, औषध सुचवत नाही आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त जणांचा भार घेत नाही. तोही निवासी डॉक्टरच आहे, त्याचीही झोप अपुरी आहे. या कामासाठी त्याला महिन्याचे काही तास ड्यूटीतून अधिकृतपणे सुटले नाहीत, तर सहा महिन्यांत सोबत्यांनाच सोबती शोधावे लागतील.

सगळ्यांना बोलवा

फोन नंबर छापला आणि वाट पाहत बसलो, तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच फोन करत नाहीत. बर्नआउटमध्ये मदत मागण्याचीही ताकद उरत नाही. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही गुप्ततेलाही हातभार लावतात.

पहिला उपाय म्हणजे प्रत्येक जेआर १ ला पहिल्या सहा आठवड्यांत अर्ध्या तासाची भेट ठरवून द्यायची. शंभर जण आणि चोवीस सोबती, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच भेटी. हे जमण्यासारखं आहे. वेळ सगळ्यांना मिळेल, बोलायची सक्ती कुणावर नसेल. कुणी अर्धा तास झोप काढली तरी हरकत नाही. सगळेच जातात म्हटल्यावर कोण गेलं याला काही अर्थच उरत नाही. गर्दी हाच आडोसा. दुसरा उपाय घटनेनंतरचा. अनपेक्षित मृत्यू, नातेवाइकांची मारहाण किंवा चुकीचं इंजेक्शन असं काही घडलं की त्या पाळीवर असलेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला दुसऱ्या दिवशी सोबत्याचा फोन जातो. बॉस्टनच्या ब्रिगम रुग्णालयात डॉ. जो शपिरो यांनी हीच रीत रुळवली की डॉक्टरने मदत मागायची वाट पाहायची नाही, आपणच पोहोचायचं.

इथे एक सावधगिरी हवी. घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय घडलं ते सविस्तर सांगा’ अशी सक्तीची बैठक घेऊ नये. अशा एकवेळच्या बैठकांवरील संशोधनाचा कोक्रेन संस्थेने आढावा घेतला, तेव्हा त्यांनी पुढचा मानसिक त्रास टळल्याचं दिसलं नाही, काही अभ्यासांत तर तो वाढलेला दिसला.

आता असा एक फोन कसा असावा ते पाहू. हा प्रसंग कल्पित आहे, पण वॉर्डात राहिलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही. मेडिसिन विभागाची पहिल्या वर्षाची मुलगी, इमर्जन्सीचा दिवस. पहाटे तीनच्या सुमारास चाळिशीतला रुग्ण दगावतो. पोटॅशियमचा रिपोर्ट लॅबमधून आला होता, तो तिने तासभर पाहिला नव्हता, कारण ती दुसऱ्या रुग्णाला नळी घालत होती. नातेवाइकांनी आरडाओरडा केला, सकाळी राउंडमध्ये बोलणी बसली. दुपारी नेत्र विभागातल्या जेआर ३ चा फोन येतो. तो म्हणतो, “कालच्या पाळीवरच्या सगळ्यांनाच मी आणि माझे दोन सहकारी फोन करतोय. सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगतो. तू जे बोलशील ते माझ्याकडेच राहील. मी काही लिहून ठेवत नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी एका डॉक्टरांना सांगेन, आणि तेही आधी तुला सांगून. चालेल?”

ती म्हणते, “सर, तो रिपोर्ट मी…” तो तिला अलगद थांबवतो. “रिपोर्टचं नको सांगूस. त्याची चौकशी होईल तेव्हा तिथे सांग. तू कशी आहेस? जेवलीस का?”

हे थांबवणं कोरडेपणाचं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपल्या कायद्यात संरक्षण आहे. दोन डॉक्टर मित्रांच्या बोलण्याला ते नाही. उद्या चौकशी झाली, खटला उभा राहिला, तर सोबत्याला साक्षीला बोलावता येतं. त्याला घटनेचा तपशील माहीतच नसेल तर सांगण्यासारखं काही उरत नाही. ‘राइज’मध्येही सोबती घटनेची चौकशी करत नाहीत, तिचा त्या माणसावर काय परिणाम झाला एवढंच ऐकतात. रात्रभर जागलेल्या मुलीला खरी गरजही त्याचीच असते.

सोबती आणखी तीन प्रश्न विचारतो. झोप लागली का, आज रात्री एकटी आहेस का, जीव नकोसा वाटतोय का. तिसऱ्याला ती ‘नाही’ म्हणते, पण पुन्हा त्या वॉर्डात पाऊल ठेवायची भीती वाटते असं सांगते. दोन दिवसांनी पुन्हा बोलायचं ठरतं. पंधरवड्यानंतरही झोप परतली नाही तेव्हा तो तिला मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेऊन देतो, पण आपल्या रुग्णालयात नव्हे. योजनेच्या सुरुवातीलाच बाहेरच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांशी करार झालेला असतो. तिथला केसपेपर या संस्थेत येत नाही. महिन्याचं बिल येतं त्यावर फक्त भेटींची संख्या असते.

अपवाद आधी सांगायचे

‘सगळं गुप्त राहील’ असं वचन देणं हा अप्रामाणिकपणा आहे, कारण ते पाळता येत नाही. अपवाद कमी असावेत, लिहिलेले असावेत आणि बोलणं सुरू होण्याआधी सांगितलेले असावेत. माझ्या मते ते दोनच पुरेत. जिवाला तातडीचा धोका हा पहिला, मग तो स्वतःच्या असो की दुसऱ्याच्या. दुसरा म्हणजे नशेत किंवा भान हरपलेल्या अवस्थेत रुग्णांवर उपचार चालू असणं. या दोन्ही वेळी काय करायचं हेही आधीच ठरलेलं असावं. सोबती विभागप्रमुखाला कळवत नाही. तो एकाच नेमलेल्या मानसोपचारतज्ज्ञाला फोन करतो, शक्यतो त्या व्यक्तीच्या समोर बसून, आणि गरजेपुरतंच सांगतो. तोवर तिला एकटं सोडत नाही. ड्यूटी बदलावी लागली तर विभागाला ‘वैद्यकीय रजा’ एवढे दोनच शब्द जातात.

रॅगिंग आणि लैंगिक छळ हा अवघड कोपरा आहे. निवासी डॉक्टरांच्या त्रासाचं मूळ अनेकदा तिथेच असतं. सोबत्याने स्वतः तपास करायचा नाही आणि परस्पर तक्रारही करायची नाही. रॅगिंगविरोधी समिती कुठे आहे, अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज कसा द्यायचा हे सांगायचं, हवं असेल तर सोबत जायचं. निर्णय तक्रारदाराचा. काही संस्थांचे वकील म्हणतात की रॅगिंग कळल्यावर गप्प राहिलं तर सोबतीच अडचणीत येईल. ही शंका फेटाळण्यासारखी नाही. म्हणून संस्थेने आपला नियम कायदेशीर सल्ला घेऊन आधीच लिहून काढावा आणि तो पहिल्या मिनिटात सांगायच्या वाक्यांत घालावा. नंतर सांगितलेला अपवाद विश्वासघातासारखाच लागतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, पण तो उपचार करणाऱ्यांना बांधतो. सोबती उपचार करत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी संस्थेचं स्वतःचं लेखी बंधन लागतं. त्यावर दोन सह्या हव्यात. सोबती लिहून देतो, ‘मी सांगणार नाही.’ अधिष्ठाता लिहून देतात, ‘आम्ही विचारणार नाही.’ दुसरी सही मिळवायला जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे. ती मिळेपर्यंत योजना सुरू करू नये.

गुप्तता फुटते ती बहुधा दुष्टपणातून नव्हे, गबाळेपणातून. सोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘मेडिसिनच्या त्या मुलीला आज कुणी फोन करेल का?’ असा एक मेसेज पुरतो. म्हणून ग्रुपवर फक्त कोण कधी उपलब्ध आहे हे टाकायचं, व्यक्तीबद्दल एक अक्षरही नाही. महिन्यातून एकदा सोबती बाहेरच्या तज्ज्ञासोबत बसतात, तेव्हा अडचण सांगतात, पण विभाग, वर्ष आणि ओळखू येईल असा तपशील बदलून. भेट मानसोपचार ओपीडीच्या मजल्यावर नको आणि सगळे जमतात त्या चहाच्या टपरीवरही नको. लायब्ररीमागची एखादी अभ्यासाची खोली चालते, कारण तिथे जाण्यासाठी कुणालाही सबब लागत नाही.

नाव न विचारता मोजायचं कसं?

आता मोजमाप. ‘बर्नआउट किती टक्के कमी झाला?’ हा प्रशासनाचा पहिला प्रश्न असतो आणि तो सापळा आहे. डॉक्टरांमधल्या बर्नआउटच्या १८२ अभ्यासांचा आढावा २०१८ साली घेण्यात आला. त्यांत बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या आणि प्रमाण शून्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत निघालं. व्याख्या नंतर निवडली तर हवं ते उत्तर काढता येतं. त्यामुळे कोणती प्रश्नावली आणि कोणता आकडा हे योजना सुरू होण्याआधी कागदावर लिहायचं. मास्लाक यांची बावीस प्रश्नांची प्रश्नावली सर्वात प्रसिद्ध आहे, पण तिच्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. कोपनहेगनची एकोणीस प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे आणि तिचे गुण शून्य ते शंभर असल्याने समजायला सोपी. आपल्या उदाहरणात तीच घेऊ.

तरीही बर्नआउटचा आकडा हा योजनेचा मुख्य निकष नसावा, असं मला वाटतं. निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ४८ तासांत आणि सलग बारा तासांत बसावं, असं केंद्राचं १९९२ चं निर्देशपत्र सांगतं. राष्ट्रीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ साली कमाल ७४ तास सुचवले. प्रत्यक्षात इमर्जन्सीच्या आठवड्यात काय होतं हे वॉर्डातल्या कुठल्याही जेआरला विचारा. तास तेच ठेवून सोबत्यांनी थकवा उतरवावा ही अपेक्षा म्हणजे गळक्या छपराखाली आणखी एक बादली ठेवणं. बादली लागते, पण तिच्यावरून छपराची परीक्षा होत नाही. म्हणून सहकाऱ्यांचा आधार ज्या गोष्टी खरोखर बदलू शकतो, त्याच आधी मोजाव्यात.

त्या तीन आहेत. ‘मी फोन केला तर माझ्या विभागात कळेल’ या वाक्याशी किती जण सहमत आहेत हे पहिलं मोजमाप, म्हणजे विश्वास. मला ते सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण वर सांगितलेल्या नोंदवहीच्या कथेत हाच आकडा पहिल्या महिन्यातच उसळला असता. दुसरं, घटना घडल्यापासून पहिला फोन जाईपर्यंत किती तास लागले. तिसरं, ज्यांना तज्ज्ञाची गरज होती त्यांना किती दिवसांत वेळ मिळाली. शेवटच्या दोहोंसाठी सोबती प्रत्येक संपर्कानंतर एक चिठ्ठी पेटीत टाकतो. चिठ्ठीवर महिना, अंदाजे वेळ, पुढे पाठवलं की नाही आणि किती तास-दिवस लागले एवढंच असतं. नाव, विभाग, वर्ष, लिंग, तारीख यातलं काहीच नाही.

तारीखही का नको? कारण बारा तारखेच्या रात्री काय घडलं होतं ते सगळ्यांना माहीत असतं. अहवालात ‘भूल विभाग, जेआर १, महिला : १’ असं छापलं तर नाव छापल्यासारखंच आहे, त्या विभागात त्या वर्षाला मुली दोनच असतात. त्यासाठी साधा नियम ठेवावा. दहापेक्षा कमी माणसांचा कोणताही गट अहवालात स्वतंत्र दाखवायचा नाही, तो मोठ्या गटात मिसळायचा.

बर्नआउटची प्रश्नावली सर्व तीनशे जणांना निनावी जाते. इथे आणखी एक फसवी युक्ती वापरली जाते. आधीचं आणि नंतरचं उत्तर जुळवता यावं म्हणून आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारीख यांचा ‘गुप्त संकेतांक’ मागतात. पण या दोन्ही गोष्टी प्रवेशअर्जात असतात. ज्याच्याकडे विभागाची फाइल आहे तो पाच मिनिटांत नाव काढू शकतो. त्यापेक्षा उत्तरं जुळवूच नयेत. फॉर्मवर ईमेल नोंदला जाणार नाही हे तपासावं आणि उत्तरं दुसऱ्या संस्थेतल्या माणसाकडे जावीत. नैराश्यासाठीच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न आत्मघाताच्या विचारांचा असतो. निनावी फॉर्ममध्ये त्याला कुणी ‘रोज’ असं उत्तर दिलं तर त्या माणसापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून आठच प्रश्नांची आवृत्ती वापरावी आणि शेवटच्या पानावर मदतीचे नंबर द्यावेत. आणि हो, हा सगळा अभ्यास त्याच संस्थेतल्या एखाद्या जेआरचा प्रबंध होऊ देऊ नये.

उत्तरं न जुळवता योजनेचा परिणाम कसा कळणार? वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवले तर फसगत होते. जेआर १ चे पहिले काही महिने सर्वात वाईट असतात. पुढे काम अंगवळणी पडतं, खाली नवी बॅच येते आणि काहीही न करता आकडा सुधारतो. त्याचं श्रेय योजना घेते. यावर तोड म्हणजे योजना टप्प्याटप्प्याने आणायची. वीस विभागांचे पाच-पाचचे चार गट चिठ्ठ्या टाकून करायचे. फोन नंबर आणि तातडीची मदत पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुली, ती कुणासाठीही रोखायची नाही. फक्त अर्ध्या तासाची भेट आणि घटनेनंतरचा फोन दर तीन महिन्यांनी एकेका गटात सुरू करायचा. प्रश्नावली मात्र दर तीन महिन्यांनी सगळ्यांना. मग एकाच महिन्यात, एकाच ऋतूत, भेटी मिळालेले आणि अजून न मिळालेले गट शेजारी ठेवता येतात. फॉर्मवर फक्त गट क्रमांक आणि वर्ष विचारायचं. एका गटात सरासरी पंचाहत्तर माणसं असल्याने कुणी ओळखलं जात नाही.

समजा, सहाव्या महिन्यात भेटी मिळालेल्या गटांचे सरासरी गुण ५८ आले आणि न मिळालेल्यांचे ६१. तीन गुणांचा फरक तीनशे जणांच्या रुग्णालयात निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, तेव्हा त्यावर पेढे वाटू नयेत. पण त्याच वेळी ‘विभागात कळेल’ म्हणणारे एका बाजूला वीस टक्के आणि दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस टक्के असतील, तर काहीतरी घडतंय. फॉर्म किती जणांनी भरला हेही पाहायचं. सर्वात थकलेले लोक फॉर्म उघडतच नाहीत. आधी तीनशेपैकी दोनशे चाळीस आणि नंतर एकशे वीसच उत्तरं आली असतील, तर सुधारलेला आकडा संशयास्पद आहे. आत्महत्यांची संख्या तर निकष म्हणून घेऊच नये. एका संस्थेत ती घटना इतकी क्वचित घडते की एखादं वर्ष तशी घटना न घडल्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि घडली तर सोबत्यांवर न पेलणारा दोष येतो.

अहवालाच्या शेवटी एक पान सोबत्यांचं नसून संस्थेचं असावं. प्रत्येक गटात सर्वात लांब सलग ड्यूटी किती तासांची होती, किती जणांची साप्ताहिक सुट्टी हुकली, या नोंदी ड्यूटीच्या तक्त्यावरून निघतात, त्यासाठी कुणाचं मन उघडावं लागत नाही. सोबत्यांना महिन्यामागून महिने एकच गोष्ट ऐकू येत असेल, म्हणजे अमुक ड्यूटीनंतर जेवायलाही कुणी सोडत नाही, तर ती गोष्ट व्यक्तीचं नाव काढून तिमाही बैठकीत या पानासोबत अधिष्ठात्यांपुढे जाते.

राहता राहिला नंबर लावायचा कुठे हा प्रश्न. सूचनाफलकावर लावला तर त्याच्यासमोर उभं राहून तो टिपून घेण्याचं धाडस कुणी करत नाही. हॉस्टेलमधल्या प्रत्येक स्वच्छतागृहाच्या दाराला, आतल्या बाजूने लावावा.

(तातडीच्या मदतीसाठी ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.)